पाटल्या वितळल्या तेव्हा मी शेजारी उभा होतो

आज दुपारी आत्याला घेऊन इंदूरच्या सराफ्यात गेलो होतो. आतेबहिणीच्या प्रवेशाची फी भरायची होती, म्हणून २०१८ च्या धनत्रयोदशीला घेतलेल्या दोन पाटल्या मोडायच्या होत्या. "हौस म्हणून नव्हे, गुंतवणूक म्हणून घेते आहे," असे तिने तेव्हा सगळ्या घराला बजावून सांगितले होते. तिथून परत आल्यापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दुकानदाराने सरळ सांगितले, "गलाकर ही भाव बताऊँगा." त्याने पाटल्या कात्रीने कापल्या, तुकडे मुशीत टाकले, वर चिमूटभर टाकणखार घातला आणि खालून ज्योत लावली. ज्या पाटल्या आत्या सणासुदीला फडक्याने पुसून घालायची, त्यांची पाच मिनिटांत एक मळकट गोळी झाली. वजन १९.७ ग्रॅम भरले आणि टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध सोने किती तो आकडा, निघाला ८८. पावतीवर मात्र २० ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे ९१.६ टंच, असे स्वच्छ लिहिलेले होते.

मी सगळा हिशेब रुपयांत न करता ग्रॅममध्ये केला, कारण भाव रोज बदलतो आणि नुकसान त्याच्या आड लपून जाते. घेताना २० ग्रॅम सोन्यावर १४ टक्के घडणावळ लागली होती, म्हणजे २.८ ग्रॅम सोन्याचे पैसे. त्या एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. म्हणजे आत्याने प्रत्यक्षात सुमारे २३.५ ग्रॅम सोन्याचे पैसे मोजले. आज १९.७ ग्रॅमच्या त्या गोळीत २२ कॅरेटच्या हिशेबाने १८.९ ग्रॅमच सोने निघाले आणि दुकानदाराने २ टक्के कापून १८.५ ग्रॅमचे पैसे हातात ठेवले. पाच ग्रॅम गेले, म्हणजे पाचवा हिस्सा!

सोन्याचा भाव वाढल्यामुळे रुपयांत तिला फायदाच झाला, हे मान्य. पण तो फायदा भावाचा आहे, पाटल्यांचा नव्हे.

तिने त्याच दिवशी २० ग्रॅमचे २४ कॅरेटचे नाणे घेतले असते, तर ३ टक्के घडणावळ आणि वर जीएसटी धरून २१.२ ग्रॅमचे पैसे गेले असते आणि आज २ टक्के कापूनही १९.६ ग्रॅमचे परत मिळाले असते. म्हणजे तूट दीड ग्रॅमच्या जरा वर, एवढीच. अर्थात, नाणे कुठून घ्यायचे हेही पाहावे लागते. बँक नाणे विकते, पण परत घेत नाही, कारण तिला तशी परवानगीच नाही. मोडायला शेवटी सराफ्यातच यावे लागते. एक-एक ग्रॅमची नाणी जमवली, तर दर ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. बिस्किटात ती सर्वांत कमी असते, पण अर्ध्याच पैशांची गरज असली तरी अख्खे बिस्कीट मोडावे लागते. शिवाय सीलबंद वेष्टन फाडले, की समोरचा पुन्हा टंच काढायला बसतो, म्हणून ते उघडू नये.

राग मला आज विकत घेणाऱ्याचा नाही. ज्याने ८८ टंचाचे सोने ९१.६ म्हणून दिले, त्याचा आहे. सांधे जोडायला लावलेल्या डागामुळे टंच थोडा उतरतो, हे मलाही कळते. पण साडेतीन टक्क्यांहून अधिक? जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि आता दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घातला, की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. दुकानातून बाहेर पडण्याआधीच ते पाहा. एवढे करूनही शुद्धतेचीच खात्री मिळते. घडणावळ हॉलमार्कमुळे परत येत नाही.

लॉकरबद्दलही घरात गैरसमज आहे. चोरी, आग किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडे ३,००० रुपये असेल, तर ती ३ लाखांवर थांबते, मग आत नाणी असोत वा पाटल्या.

आता जरा शांत झालो आहे. सात वर्षे त्या पाटल्या आत्याच्या हातात शोभल्या, त्याची किंमत ग्रॅममध्ये काढता येत नाही. आजीची बोरमाळ तिने कधीच गुंतवणूक म्हणून ठेवलेली नाही, आणि ती मोडावी असे मीही कधी म्हणणार नाही.

पैसे मोजून झाल्यावर आत्याने रिकाम्या मनगटावरून एकदा हात फिरवला आणि दुकानदाराला विचारले, "पाँच ग्राम के सिक्के पर मेकिंग कितनी लगती है?" त्याने सांगितलेला आकडा तिने फीच्या पावतीमागे लिहून घेतला आणि मला म्हणाली, "चल, शेजारच्या दुकानातही विचारू."