खुलासा: रशियन सूचनांमधलं क्रियापदाचं मूळ रूप चूक नाही

“रशियन मॅन्युअलमध्ये ‘ने व्क्ल्युचात्’ असं क्रियापदाचं मूळ रूप दिसलं तर ती भाषांतराची चूक समजा आणि सगळीकडे आज्ञार्थ करा.”

कृपया असं करू नका. दुरुस्ती चालू असताना स्विचवर टांगायच्या रशियन पाटीवर मूळ रूपच असतं: ‘ने व्क्ल्युचात्! राबोतायुत ल्यूदी’, म्हणजे ‘चालू करू नये, माणसं काम करताहेत’. हा कुणा एकाला नव्हे, सर्वांना लागू असलेला नियम आहे, आणि तो उद्धट वाटत नाही. घरगुती यंत्राच्या पुस्तिकेत मात्र वाचकाला आदरार्थी आज्ञार्थाने सांगतात: ‘अत्क्ल्युचीत्ये’, ‘स्नीमीत्ये’ (बंद करा, काढा). कारखान्याच्या कागदपत्रांत त्याच पायऱ्या ‘अत्क्ल्युचीत्’, ‘स्न्यात्’ अशा मूळ रूपातही चालतात. फक्त एका क्रमवार यादीत दोन्हींची सरमिसळ नको.

खरी चूक वेगळीच असते. करायच्या पायरीला सहसा पूर्णतावाचक, म्हणजे काम पुरं होणं दाखवणारं रूप लागतं (‘व्क्ल्युचीत्’), पण मनाईला अपूर्णतावाचक (‘व्क्ल्युचात्’). पायरीतलं ‘व्क्ल्युचीत्’ उचलून त्याआधी नुसतं नकाराचं ‘ने’ लावलं, की ‘चालू करताच येत नाही’ असा अर्थ निघू शकतो आणि मनाई नाहीशी होते. तपासताना ‘ने’नंतरचं प्रत्येक क्रियापद पाहा.

वरचा मेसेज पुढे पाठवणं थांबवा. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.