कूलर मानेवर, पंप रात्रभर: भुसावळच्या कट्ट्यावर झालेला वाद

विषय निघाला गोटूच्या मानेवरून. मान उजवीकडे वळतच नव्हती त्याची, कोणी हाक मारली की अख्खं अंग फिरवून बघायचा, आणि आवाजही बसलेला. नानांनी लगेच निकाल दिला, "वारा लागला तुले. कूलर डोक्याशी लावून झोपतो ना? रात्री बंद करत जा."

गोटू म्हणे, "कारे भो नाना, भुसावळात मे महिन्यात कूलर बंद करून झोपायचं? दुपारी 45 ला पोचतं, वरचा स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. आणि वाऱ्याने मान कशी आखडेल, तुम्ही रेल्वेत असताना उघड्या खिडकीत बसून ड्युट्या केल्या ना, तेव्हा नाही आखडली?"

इथून जो वाद पेटला तो दुकानवाल्याने शटर ओढेपर्यंत चालला. मला तो लिहून ठेवावासा वाटला कारण आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कोणीतरी असं आखडलेलं असतं आणि प्रत्येकाला सल्ला एकच मिळतो, कूलर बंद कर. खान्देशात हा सल्ला पाळता येत नाही, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर तो धोक्याचाही आहे.

कट्ट्यावर आमचा एक मित्र फिजिओ आहे, सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात. त्याने गोटूला आधी हे विचारलं की तू झोपतो कसा ते सांग, नुसतं कूलर कूलर करू नको. तर गोटूची खाट भिंतीला लागून, उशी खिडकीकडे, खिडकीत कूलर, हवा थेट उजव्या मानेवर नि गालावर. डोळ्यात हवा जाते म्हणून तोंड डावीकडे भिंतीकडे वळवून झोपतो, उश्या दोन, आणि अर्धा पालथा. डॉक्टर म्हणाला, "मग अर्धं उत्तर इथेच आहे. सहा तास मान एका बाजूला वळवून ठेवली की एका बाजूचे स्नायू ताणलेले राहतात, दुसऱ्या बाजूचे आखूड होऊन बसतात. वरून दोन उश्यांनी मान वाकडी. हे पंखा बंद ठेवूनही होतं. नुसत्या वाऱ्याने मान आखडते याचा पक्का पुरावा नाही, पण गार वारा एकाच जागी लागला की माणूस नकळत खांदा वर ओढतो, अंग चोरतो, हे खरं आहे. म्हणजे वाऱ्याने तुझी झोपायची पद्धत बिघडवली आणि पद्धतीने मान बिघडवली."

नाना काही मानेनात. त्यांचं म्हणणं, रात्री झोपताना हाच वारा बरा वाटतो आणि सकाळीच कसं धरतं मग?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याचं उत्तर डॉक्टरने नाही तर कूलरवाल्या मिस्त्रीने दिलं. तो पंधरावीस वर्षं जाळ्या नि पंप बदलतोय. तो म्हणाला की कूलर काही ठरलेल्या थंडीची हवा देत नाही, बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढतो आणि पाणी उडताना जेवढी उष्णता खेचेल तेवढी हवा गार होते. संध्याकाळी बाहेर 40 असेल आणि हवा कोरडी, आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, तर चांगल्या जाळीचा कूलर 27 ची हवा देतो. ती अंगाला छान वाटते. पण तोच कूलर, तोच पंप, पहाटे चारला बाहेर 26 असताना चालू असेल तर समोर 19-20 ची हवा येते. आणि स्पीड तर रात्री झोपताना केला तोच, फुल.

म्हणजे गोटू झोपला 27 च्या हवेत आणि उठला 20 च्या हवेत, मधे कोणी बटनाला हात लावला नाही. कातडीचं तापमान 33-34 असतं, त्यावर ही ओली गार हवा जोरात. डॉक्टरने याला अजून एक गोष्ट जोडली, की शरीराचं स्वतःचं तापमानही पहाटेच सगळ्यात खाली असतं, आणि स्वप्नांची झोप पहाटेकडेच जास्त असते, त्या झोपेत शरीर धड घामही सोडत नाही नि धड कुडकुडतही नाही, स्नायू सैल पडलेले असतात. जाग येत नाही, कूस बदलत नाही, चादर ओढली जात नाही. संध्याकाळच्या हिशोबाने लावलेली हवा पहाटेच्या शरीराला लागते. नानांना जे "वारा लागला" म्हणायचं होतं ते बहुतेक हेच आहे, असं माझं मत झालं, आणि नाना त्या अर्थाने बरोबर होते.

मग बापूने विचारलं की घशाचं काय. बापूची यावलकडे केळी आहे. त्याचं म्हणणं, कूलरची हवा तर दमट असते, कपडे सुद्धा वाळत नाहीत त्या खोलीत, मग घसा कोरडा पडतोच कसा?

याच्यावर जरा वेळ सगळे गप्प होते. खरंच प्रश्न बरोबर आहे. नुसता पंखा असेल किंवा मध्यरात्री टाकीतलं पाणी संपून कूलर कोरडाच फिरत असेल, तर समजतं, एप्रिल-मेची कोरडी हवा ओठावर, जिभेवर सतत येत राहते नि ओल उडवते. बापूलाच ते लगेच पटलं, त्याच्या बागेला उन्हाळी वाऱ्यापासून वाचवायला चारी बाजूंनी शेवरी लावावी लागते तसंच ते. पण टाकी भरलेली असताना?

डॉक्टर म्हणाला, नाकाकडे बघा. नाक आत जाणारी हवा गरम करतं, ओली करतं, त्यामुळे नाकाने श्वास चालू असेल तर बाहेरची हवा कशीही असो, घसा सहसा सुकत नाही. सुकतो तोंड उघडं पडल्यावर. आणि तोंड उघडं पडतं नाक बंद झाल्यावर. आडवं झालं की नाकाच्या आतली कातडी तशीही थोडी फुगते, ज्या कुशीवर झोपलो त्या बाजूची नाकपुडी जास्त बंद होते. त्यात कूलरच्या गवतात मागच्या वर्षीची धूळ, शेवाळ, कुबट वास, ते सगळं थेट तोंडावर येतंय. ज्याला ॲलर्जी आहे त्याचं नाक तासाभरात चोंदतं, मग रात्रभर तोंडाने श्वास, घोरणं, आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली.

मिस्त्रीने लगेच विचारलं, "गोटू, गवत कधी बदललं?" गोटूने उत्तर दिलं नाही, त्याच्या बाबांनी बदललं असेल म्हणे.

ओळखायचं कसं, हे मला यातलं सगळ्यात कामाचं वाटलं. सकाळी उठल्यावर ओठ, जीभ, घसा तिन्ही कोरडे, लाळ चिकट, पण पाणी पिऊन चूळ भरली की अर्ध्या तासात बरं वाटतं, तर ते तोंडाने श्वास घेतल्याचं. गिळताना दुखतंय, ताप आहे, दुपारपर्यंत घसा तसाच आहे, तर कूलरला दोष देत बसू नये, तो संसर्ग असू शकतो. आणि नाक झोपतानाच चोंदत असेल, शिंका येत असतील, तर जाळी नि टाकी आधी धुवायची. टाकी तशीही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, सुकवून मगच भरायची, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

गोटूला मिस्त्रीने दुसरी एक चूक दाखवली, ती आपल्याकडे खूप घरात दिसते. डास येतात म्हणून हा दार नि समोरची खिडकी बंद करून झोपायचा. कूलर म्हणजे एसी नाही. आत ओढलेली हवा बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती ओल साठते, घाम उडत नाही, चिकचिक होते, मग माणूस स्पीड वाढवतो, तरी गार वाटत नाही म्हणून कूलर अजून जवळ ओढतो. गोटूचा कूलर उशीपासून दोन फुटांवर आला तो असा. समोरची खिडकी जाळी लावून वीतभर उघडी ठेवली असती तर मध्यम स्पीडवर भागलं असतं.

शेवटी डॉक्टरने त्याला सांगितलं की सगळं एकदम बदलू नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी फक्त उशी खाटेच्या दुसऱ्या टोकाला ने, हवा पायाकडून येऊ दे, मग भिंतीकडे मान वळवायची गरजच राहणार नाही. काही दिवस तसं झोप. मान तरी धरत असेल तर एक उशी काढ, पाठीवर किंवा कुशीवर झोप, पालथा नको. घशाचं वेगळं बघ. आणि पंपाचं बटन वेगळं असतं, पहाटे लघवीला उठशील तेव्हा फक्त पंप बंद करायचा नि स्पीड एकने कमी, पंखा चालू राहू दे. छताचा पंखा असेल तर खाट सरकवून तो डोक्यावर नाही, गुडघ्यांवर येईल असं करायचं, कारण पात्यांच्या बरोबर खालीच वारा सगळ्यात जोरात असतो.

आत्ताच्या मानेला गरम पाण्याची पिशवी, आणि दुखणार नाही इतपत हळूहळू मान फिरवत राहायची, पट्टा बांधून पडून राहायचं नाही. साधी आखडलेली मान काही दिवसात ते आठवड्यात सुटते. नाना म्हणाले सलूनमध्ये एकदा कडकन मोडून घे, मोकळी होईल, तर डॉक्टर खरंच चिडला. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, अशा झटक्याने त्या आतून फाटू शकतात, क्वचित होतं पण झालं की पक्षाघातापर्यंत जातं. हातात मुंग्या, हाताची ताकद कमी, किंवा आखडलेल्या मानेसोबत ताप नि जोराची डोकेदुखी असेल तर घरगुती काहीही न करता सरळ दवाखाना गाठायचा.

बापू उठता उठता म्हणाला, "माय ऐंशीची आहे, रोज म्हणते वारा नको, पंखा बंद कर. करू का?" डॉक्टर म्हणाला बिलकुल नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो, गरम खोलीत बंद पंख्याखाली मान आखडण्यापेक्षा वाईट होईल. पण खोलीतलीच हवा 40 च्या वर असेल तर नुसता पंखा उलट गरम वाराच अंगावर मारतो, तेव्हा कूलर किंवा ओलं फडकं अंगावर पाहिजे. तिची खाट हवेच्या सरळ रेषेतून बाजूला घे, समोरची खिडकी उघड, मानेभोवती जुन्या सुती लुगड्याचा तुकडा राहू दे, पायाशी चादर ठेव आणि पंप पहाटे तू उठून बंद कर.

बापूने मिस्त्रीला विचारलं, टायमर बसतो का पंपाला. बसतो म्हणे, पंपाची वायर वेगळी काढावी लागेल, सकाळी येतो.