कर्नल ऑल्कॉट आले तेव्हा सभा आधीच भरलेली होती

“आपलेच धर्म आपण विसरलो होतो. थिऑसॉफिस्ट गोऱ्यांनी आपले ग्रंथ शोधून काढले नसते तर लंकेतला बौद्ध धर्म 1880 पर्यंत संपलाच होता. कर्नल ऑल्कॉटने लोकांना प्रश्नोत्तराचे पुस्तक लिहून धर्म शिकवला, ध्वज दिला, शाळा दिल्या. गांधीजींनाही गीता थिऑसॉफिस्टांनीच दिली. अभिमान बाळगण्यापूर्वी हे वाचा!”

हा मजकूर कुटुंबाच्या गटात दोन वेळा आला तेव्हा मी काही बोललो नाही. मात्र माझ्या भाचीने त्यातली वाक्ये महाविद्यालयाच्या निबंधात जशीच्या तशी उतरवली आणि “मामा, यात चुकीचे काय आहे?” असे विचारले, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट कालक्रमाची. गूढविद्या आणि पौर्वात्य धर्म यांकडे ओढा असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक, अमेरिकन कर्नल ऑल्कॉट आणि रशियन मादाम ब्लाव्हाट्स्की, मे 1880 मध्ये लंकेत गाले येथे उतरले. त्याच्या सात वर्षे आधी, ऑगस्ट 1873 मध्ये, पानदुरा येथे भिक्खू मोहोट्टिवत्ते गुणानंद आणि ख्रिस्ती उपदेशक डेव्हिड डी सिल्व्हा यांच्यात हजारो श्रोत्यांसमोर जाहीर वाद झाला होता आणि सिंहली जनतेच्या लेखी तो गुणानंदांनी जिंकला होता. गुणानंद त्या वादाला एकाएकी उभे राहिले नव्हते. 1862 पासून कोटहेना येथे त्यांचा छापखाना चालत होता आणि मिशनऱ्यांच्या पत्रकांना तिथून छापील उत्तरे दिली जात होती. त्याच वर्षी गाले येथे बौद्धांचा दुसरा छापखाना उभा राहिला, त्याला सयामच्या राजाचे साहाय्य होते. 1873 मध्येच विद्वान भिक्खू हिक्कडुवे सुमंगल यांनी कोलंबोत विद्योदय परिवेण सुरू केले आणि तिथे भिक्खूंना पाली व संस्कृत शिकवले जाऊ लागले. पानदुऱ्याच्या वादाचा इंग्रजी वृत्तान्त अमेरिकेत छापला गेला, तो ऑल्कॉट यांच्या हाती पडला आणि त्यातून त्यांचा गुणानंदांशी पत्रव्यवहार सुरू झाला. म्हणजे धर्म संपत आला होता म्हणून ते धावून आले असे नाही. तो लढतो आहे हे वाचल्यामुळे ते तिकडे आले. गुणानंदांच्या भात्यात पाश्चात्त्य विचारही होता, पण तो युरोपातल्या नास्तिकांचा आणि बायबलच्या चिकित्सकांचा होता. थिऑसॉफीचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आता त्या प्रश्नोत्तराच्या पुस्तकाकडे वळतो, कारण संपूर्ण मजकुरात सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक विधान हेच आहे. पुस्तक ऑल्कॉट यांनी लिहिले हे खरे. ‘बुद्धिस्ट कॅटेकिझम’ जुलै 1881 मध्ये इंग्रजी आणि सिंहली अशा दोन्ही भाषांत निघाले. पण ते कसे निघाले हे ऑल्कॉट यांनी स्वतः ‘ओल्ड डायरी लीव्हज्’ या आठवणींत सांगून ठेवले आहे आणि त्यांच्यापेक्षा अधिक सोयीचा साक्षीदार मला तरी सापडणार नाही. पूर्वतयारी म्हणून त्यांनी बौद्ध ग्रंथांची सुमारे 10,000 पाने वाचली, तीही इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरांतून, कारण त्यांना पाली येत नव्हते. नंतर मसुदा घेऊन ते सुमंगलांकडे गेले आणि दोघांनी एकेक प्रश्नोत्तर तपासायला घेतले.

निर्वाणाच्या उत्तरापाशी गाडी अडली. निर्वाणानंतर व्यक्तीचे काही उरते का, याविषयी बौद्ध तत्त्वज्ञांत मतभेद आहेत, असे ऑल्कॉट यांनी लिहिले होते. सुमंगलांनी असे मतभेद असल्याचेच नाकारले. ऑल्कॉट यांनी तिबेटी, चिनी, जपानी मतांचे दाखले दिले, लंकेतल्याच एका पंथाकडेही बोट दाखवले. मजकूर बदलला नाही तर मी पुस्तकाला दिलेले मान्यतापत्र मागे घेईन, एवढे सांगून सुमंगलांनी चर्चा संपवली आणि ऑल्कॉट यांनी मजकूर बदलला. या प्रसंगात सुमंगलांचे म्हणणे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने बरोबर होते की नाही हा निराळा प्रश्न आहे. महायान परंपरा पाहता मला स्वतःला ऑल्कॉट यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण पुस्तकावर शेवटचा शब्द कोणाचा होता, याविषयी शंका उरत नाही. धर्म विसरलेला समाज अशा रीतीने मसुदा परत पाठवत नाही. पुढे 1887 मध्ये गुणानंदांनी स्वतःचे निराळे प्रश्नोत्तराचे पुस्तक काढले, कारण तोवर त्यांचे ऑल्कॉट यांच्याशी बिनसले होते.

हे विधान घातक का, तेही सांगतो. त्यात पाली जाणणारे, हस्तलिखिते सांभाळणारे, शिकवणारे भिक्खू सरसकट गायब होतात. ऱ्हिस डेव्हिड्स हे लंकेत सनदी नोकर असताना यात्रामुल्ले धम्माराम या भिक्खूंजवळ पाली शिकले आणि 1881 मध्ये त्यांनी लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. ते थिऑसॉफिस्ट नव्हते. ‘गोऱ्यांनी ग्रंथ शोधले’ या वाक्यातला शोध म्हणजे बहुतेक वेळा कोणा भिक्खूने वा पंडिताने समोर बसवून दिलेला धडा असतो.

शाळांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, थोडा नाइलाजानेच. मिशनच्या शाळांना तोंड देतील अशा इंग्रजी शिक्षणाच्या बौद्ध शाळा उभारण्याची जुळवणी, निधी आणि कार्यकारी मंडळ यांची घडी ऑल्कॉट यांच्या बौद्ध थिऑसॉफिकल सोसायटीने बसवली. 1886 मध्ये सुरू झालेली कोलंबोची शाळा पुढे आनंद कॉलेज झाली. 1883 च्या ईस्टरला कोटहेना येथे बौद्ध मिरवणुकीवर हल्ला झाला आणि स्थानिक पातळीवर न्याय मिळेना, तेव्हा 1884 मध्ये बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून ऑल्कॉटच लंडनच्या वसाहत कार्यालयात गेले. पुढच्या वर्षी वैशाख पौर्णिमेची सुट्टी जाहीर झाली. वसाहतीच्या सरकारदरबारी गोऱ्या कर्नलचे ऐकले जाई, सिंहली भिक्खूचे ऐकले जात नसे. याचा उपयोग करून घेण्याइतके लंकेतले लोक हुशार होते. ज्यांनी पुढे महाबोधी सोसायटी स्थापन केली त्या तरुण धर्मपालांना गूढविद्येऐवजी पालीचा अभ्यास करण्यास ब्लाव्हाट्स्कींनी सांगितले, असे धर्मपालच लिहितात. त्याचे श्रेयही द्यायला हवे.

परंतु हे सख्य अटीवर होते. कँडीतला बुद्धाचा दंतधातू हे जनावराचे हाड असावे असे ऑल्कॉट म्हणाल्याचे पसरले, तेव्हा सुमंगल आणि धर्मपाल दोघेही दुखावले. ज्याला तारणहार मानतात त्याला लोक असे फैलावर घेत नाहीत.

गांधीजींविषयीचे विधान अर्धे खरे आहे. लंडनमध्ये 1889 च्या सुमारास दोन थिऑसॉफिस्ट भावांनी त्यांना एड्विन अर्नोल्डच्या इंग्रजी गीतेकडे वळवले, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्यावरून लंडनला शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने गीता कशी वाचली हे कळते. ज्या भाषेत 1290 मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्या भाषेत हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी निदान एवढे तरी आठवायला हवे होते.

राहिला ध्वज. तो कोलंबोतल्या समितीने आखला, त्या समितीत सुमंगल आणि गुणानंद होते, आणि 1885 च्या वैशाख पौर्णिमेला तो प्रथम फडकला. मूळ ध्वज फार लांबट होता आणि मिरवणुकीत सांभाळायला अवघड जाई, म्हणून त्याचे माप नेहमीच्या राष्ट्रध्वजाएवढे करावे अशी सूचना ऑल्कॉट यांनी केली. ती मान्य झाली.