नवऱ्याला (किंवा बायकोला) मराठी शिकवताय? मग पाच वाक्यं निवडा आणि तोंडावर मेहनत घ्या

माझ्या नवऱ्याची मातृभाषा हिंदी. आमच्यासारख्या बऱ्याच जोडप्यांमध्ये एक गोष्ट दिसते. मराठी शिकवायचं ठरलं की सुरुवात 'माझं नाव अमुक आहे', 'हे काय आहे' अशा वाक्यांनी होते, आणि चार दिवसांत सगळं थंडावतं. कारण साधं आहे. ती वाक्यं घरात कुणी कुणाला म्हणतच नाही. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' याचंही तेच. वाक्य बरोबर आहे, पण स्वयंपाकघरात उभं राहून रोज असं कोण बोलतं? म्हणून माझं ठाम मत आहे की रोज सहज तोंडी येतील अशी पाचच वाक्यं घ्यावीत आणि ती अशी बसवावीत की ऐकणाऱ्या मराठी माणसाला कुठेच खटकू नये.

मी निवडलेली पाच ही: येतो गं. जेवलीस का? काळजी घे. जवळ बस ना. तुझ्याशिवाय करमत नाही.

उच्चारांकडे वळण्याआधी एक अडचण सांगते, कारण ती लक्षात न घेता शिकवलं तर सगळी मेहनत उलटी फिरते. आपला जोडीदार आपलं ऐकून शिकतो, आणि मराठीत आपण जे म्हणतो तेच त्याने म्हणून चालत नाही. मी घरातून निघताना 'येते रे' म्हणते. तो ते ऐकतो आणि निघताना तोही मला 'येते रे' म्हणतो. मी त्याला 'जेवलास का?' विचारते, तोही मला 'जेवलास का?' विचारतो. बायकोकडून मराठी शिकलेले पुरुष 'मी जाते, मी करते' बोलताना तुम्हीही ऐकले असतील. यात त्यांचा काहीच दोष नाही, त्यांनी कानाने टिपलेलं जसंच्या तसं परत दिलं. नवऱ्याकडून शिकणाऱ्या बायकांचं नेमकं उलट होतं.

उपाय असा की त्याने तुम्हाला जे म्हणायचं आहे तेच वाक्य, त्याच रूपात, त्याला द्यायचं. तो पुरुष आणि तुम्ही स्त्री, तर त्याचं वाक्य 'येतो गं' आणि 'जेवलीस का?'. त्याने तुम्हाला शिकवायचं असेल तर तुमचं वाक्य 'येते रे' आणि 'जेवलास का?'. लिंगाचा तक्ता समजावत बसू नका. 'येतो' मधला 'तो' बोलणाऱ्यावर ठरतो, 'जेवलीस' मधला 'लीस' ऐकणाऱ्यावर ठरतो, हे सगळं खरं असलं तरी सुरुवातीला त्याची गरज नाही. शक्य असेल तर 'येतो गं' हे वाक्य तुमच्या भावाच्या किंवा एखाद्या मित्राच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. पुरुषाच्या आवाजात ऐकलं की 'तो' आपोआप पक्का होतो.

आता उच्चार. हिंदी बोलणाऱ्याला मुळाक्षरं ओळखीची असतात आणि तिथेच तो फसतो, कारण अक्षर तेच असलं तरी आवाज दरवेळी तोच नसतो.

सर्वांत आधी तो 'गं'. हिंदीत टिंब दिसलं की नाकातून आवाज काढायचा किंवा म्, न् जोडायचा अशी सवय असते. त्यामुळे 'येतो गं' चं 'येतो गम' होतं, 'माझं' चं 'माझम्'. आपल्या बोलीत शेवटच्या अक्षरावरचं हे टिंब नाकाचं नाही. ते फक्त एवढंच सांगतं की इथला 'अ' गिळू नकोस, थोडा लांबव. त्याला नाक चिमटीत धरून 'गं' म्हणायला सांगा. आवाज बदलला, कोंडल्यासारखा वाटला, तर नाकातून हवा जाते आहे. जसाच्या तसा राहिला तर उच्चार बरोबर. मला ही कसोटी फार आवडते, कारण त्यात आपण सारखं 'नाही, असं नाही' म्हणत बसावं लागत नाही, त्याचं त्यालाच कळतं.

मग 'ज'. मराठीत 'ज' दोन आहेत आणि लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. 'जेवलीस' मधला ज हिंदीतल्या 'जीना' सारखा, जिभेचा मधला भाग टाळूला लावून. 'जवळ' मधला ज वेगळा, तिथे जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. हिंदीवाल्याला तो सांगायचा सोपा मार्ग म्हणजे 'ज़रा' मधला नुक्तावाला ज़ घ्यायचा आणि त्याच्याआधी हलकासा 'द' लावायचा: द्ज़वळ. 'द' लागला नाही आणि नुसतं 'ज़वळ' झालं तरी ते मराठी कानाला चालून जातं. पण 'जवानी' तला ज लावून 'जवळ' म्हटलं की लगेच परकं वाटतं.

इथे एक गंमत हमखास होते. हा नवा ज एकदा जमला की माणूस आनंदाने सगळीकडे तोच लावतो. मग 'ज़ेवलीस का?' आणि 'काळज़ी घे' ऐकू येतं. तेव्हा नियम सांगायची वेळ आली असं समजा, त्याआधी नाही. ज, झ किंवा च नंतर इ, ई, ए किंवा य आला तर बहुतेक वेळा हिंदीसारखाच साधा उच्चार. म्हणून 'जेवलीस', 'काळजी', 'तुझी', 'तुझ्या' साधे. अ, आ, उ, ओ आला तर अस्सल मराठी शब्दांत बहुधा दातांजवळचा: जवळ, जा, झोप, चल, चांगलं. संस्कृतातून आलेले शब्द या दुसऱ्या नियमातून निसटतात, 'जन्म' आणि 'चंद्र' साधेच राहतात, आणि 'झाला' सारखा रोजचा शब्दही साधाच. पण आपल्या पाच वाक्यांत हे अपवाद येत नाहीत, म्हणून त्यांची चर्चा पुढे ढकललेली बरी. एका शब्दात मात्र दोन्ही दाखवता येतात: 'माझा' आणि 'माझी' एकापाठोपाठ म्हणून दाखवा. झ बदलतो आहे हे त्याला ऐकू यायला लागलं की निम्मं काम झालं.

आणि आता ळ. यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या, कारण 'काळजी घे' सारखं मायेचं वाक्य 'कालजी घे' झालं की त्यातली ऊब कमी होते.

हिंदी बोलणारा ळ च्या जागी दोन गोष्टी करतो, एक तर 'ल' किंवा मग 'ड़'. ल म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागे असतं. त्याला लांब 'ल' धरायला सांगा आणि आवाज न तोडता जिभेचं टोक हळूहळू मागे सरकवत न्यायला सांगा, जिथे 'ट' म्हणताना लागतं तिथपर्यंत. टोक टाळूला टेकलेलं आणि हवा दोन्ही बाजूंनी वाहती. आवाज जाडसर, खोल झाला की तोच ळ. तो 'ड़' म्हणतो आहे का ळ, हे ओळखायची खूण म्हणजे ताणून बघणं. ळ ताणता येतो, 'जवळळळ' असं कितीही वेळ. 'ड़' ताणता येत नाही, तो एका फटक्यात संपतो.

म्हणूनच माझ्या मते सुरुवात 'जवळ' ने करावी, 'काळजी' ने नाही. 'जवळ' मध्ये ळ शेवटी आहे, तिथे जिभेला थांबायला जागा मिळते. 'काळजी' मध्ये आपण बोलताना ळ मधला अ जवळजवळ टाकतोच, आणि जीभ टाळूवर मागे वळलेली असतानाच तिला पुढे येऊन जी म्हणायचं असतं. नवख्याला ही उडी अवघड जाते. आम्ही ती दोन तुकड्यांत केली. आधी 'काळ' म्हणून थांबायचं, मग 'जी घे'. मग मधलं थांबणं रोज थोडं कमी करायचं. मधे हलका अ राहिला, 'काळअजी' असं झालं, तरी चालतं. मराठी माणसाला ते सावकाश बोलल्यासारखं वाटतं, चुकीचं नाही. पण घाई केली की जीभ मागे जातच नाही आणि पुन्हा 'कालजी' होतं. तेव्हा आधी ळ, वेग नंतर. कान तयार करायला 'गाल' आणि 'गाळ', 'माल' आणि 'माळ' अशा जोड्या डोळे मिटून ऐकवायच्या आणि कोणता शब्द म्हटला ते त्याने सांगायचं. कानाला फरक कळेपर्यंत जिभेला तो करता येत नाही.

'तुझ्याशिवाय करमत नाही' हे मात्र हिंदीवाल्याला पहिल्याच झटक्यात येतं. झ साधा, ळ नाही, टिंब नाही, 'करमत' चे तुकडेही हिंदीच्या सवयीने बरोबर पडतात, कर-मत. म्हणून उच्चारांचा कंटाळा आला की मधेच हे वाक्य द्यावं. आणि खरं सांगू, ते पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला पुढचं काही शिकवायचं सुचलंच नाही.

एक काळजी मात्र घ्या. हे सगळं 'तू' चं मराठी आहे. तोच उत्साह तुमच्या आईसमोर 'जेवलीस का?' म्हणून बाहेर पडायच्या आत त्याला 'जेवलात का?' शिकवून ठेवा. हे रूप सासू-सासरे दोघांनाही चालतं, स्त्री-पुरुष भेद आपोआप मिटतो. 'काळजी घे' चं 'काळजी घ्या' आणि 'येतो गं' मधला गं काढून नुसतं 'येतो'. एवढ्यावर सासुरवाडीची पहिली भेट व्यवस्थित पार पडते.

जोडीदाराची भाषा दुसरी असेल तर मेहनतीची जागा बदलते. तमिळ, कन्नड, गुजराती किंवा ओडिया बोलणाऱ्यांकडे ळ आधीपासूनच आहे, त्यांना वर सांगितलेला व्यायाम नको. तमिळवाल्याला 'घे' मधला घ जड जातो, 'काळजी गे' होतं, तिथे तोंडासमोर तळहात धरून ग आणि घ म्हणायला लावा, घ ला श्वासाचा झोत हाताला लागला पाहिजे. बंगाली जोडीदाराला ळ शिकवावा लागतोच, शिवाय व चा ब होतो आणि अ चा ओ, म्हणजे 'जवळ' मध्ये तिन्ही अडथळे एकदम. त्यांनी 'काळजी घे' ने सुरुवात करावी असं मला वाटतं, पण बंगाली सून किंवा जावई घरात असलेल्यांनी याबद्दल जरूर लिहा, तुमचं पहिलं वाक्य कोणतं होतं आणि जीभ कुठे अडली?