तीन मिनिटं हात वर

दसऱ्याच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर सांस्कृतिक समितीचं फर्मान आलं. दाराच्या सजावटीचा टाइमलॅप्स व्हिडिओ पाठवा, जास्तीत जास्त एक मिनिटाचा. प्रत्येक पायरीला मथळा हवा, साहित्याची यादी हवी. पार्किंगच्या नियमांतही आमच्या समितीने इतकं स्वच्छ मराठी कधी लिहिलेलं नाही.

कामं वाटून घेतली. सजावट ही करणार आणि मी शूटिंग. म्हणजे नेहमीसारखंच, फक्त या वेळी माझ्या नुसतं बघत बसण्याला नाव होतं.

आदल्या दिवशी मंडईतून पाव किलो झेंडू, आंब्याचा डहाळा, गेरू आणि रांगोळी आणली. सकाळी पॅसेजमध्ये स्टुलावर पिठाचा डबा ठेवला आणि त्याला फोन टेकवला. दर 2 सेकंदांनी एक फोटो घ्यायचं फोनला सांगितलं. व्हिडिओ सेकंदाला 30 फोटो दाखवतो, म्हणजे एक तासाचं काम बरोब्बर एका मिनिटात बसतं. हे गणित हिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "एका तासात आवरायचंय, एवढंच ना?"

पहिला घात दिव्याने केला. आमच्या पॅसेजचा दिवा हालचाल दिसली की लागतो आणि मिनिटभराने विझतो. ही खाली बसून फरशीवर गेरू लावत होती. तेवढी हालचाल त्या दिव्याच्या खिजगणतीत नव्हती. दिवा विझला की मी उठून हात हलवायचो. वीस मिनिटांनी व्हिडिओ बघितला, तर उजेड-अंधार-उजेड असा तमाशा आणि मधूनमधून एक माणूस बसला हात दाखवल्यासारखा उसळून गायब होतोय. शेवटी सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावली, घरातला टेबललॅम्प दारात आणला आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून उजेड लॉक केला. लॉक केलं नाही तर पांढरी साडी समोरून गेली तरी कॅमेरा बिचकतो आणि मागची भिंत काळवंडते. फोन एअरप्लेन मोडवरही टाकला, कारण तेवढ्यात मेहुण्याचा फोन येऊन शूटिंग बंद पडलं होतं.

फरशी पुसून पुन्हा पहिल्यापासून. ओला गेरू गडद दिसतो आणि वाळताना कडेकडेने फिका होत जातो. एरवी हे कोण बघत बसतं? पण व्हिडिओत ते आठ-दहा सेकंदांत घडतं आणि फरशीने श्वास सोडल्यासारखं दिसतं. मला हे इतकं आवडलं की मी हिला म्हटलं, "अजून एक हात मार." तिने माझ्याकडे जे बघितलं ते सुदैवाने दोन फोटोंच्या मध्ये घडलं.

खरी गोची मथळ्यांनी केली. मथळा वाचायला माणसाला निदान तीन सेकंद लागतात. तीन सेकंद म्हणजे 90 फोटो, म्हणजे प्रत्यक्षातली तीन मिनिटं. रांगोळीला अर्धा तास लागला, तिथे प्रश्नच नव्हता. पण तोरण दाराला बांधायला हिला एक मिनिट पुरतं, आणि 'पायरी 5 : तोरण दोन्ही खिळ्यांना बांधून मध्ये किंचित झोळ ठेवणे' हे कुणी एका सेकंदात वाचू शकत नाही.

"मग?"

"मग तू तशीच उभी राहा. हात वर. तीन मिनिटं."

ती उभी राहिली. स्टुलावर, दोन्ही हात चौकटीला. दुसऱ्या मिनिटाला तिने अत्यंत शांतपणे विचारलं, "हे नंतर फोटो थांबवून करता येत नाही का?"

येतं. एकच फोटो तीन सेकंद गोठवून ठेवता येतो. मला ते रात्री कळलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

यादीचंही तसंच. नऊ वस्तू सुरुवातीच्या चार सेकंदांत कोंबल्या होत्या. मोठ्याने वाचून बघितल्या तर बारा सेकंद लागले, मग यादी मेसेजमध्येच लिहिली. तीही दुरुस्त करून. दार 36 इंच, झोळ धरून माळ 42 इंच, म्हणजे इंचाला एक धरून चाळीसेक फुलं. पाव किलोत निघाली 34. म्हणून यादीत 'झेंडू अर्धा किलो' लिहिलं, आणि आमच्या तोरणात आंब्याची पानं अकराऐवजी सतरा का, याचा खुलासा केला नाही.

व्हिडिओ पाठवला. टाइमलॅप्सची गंमत अशी की काम करणारा माणूस धुरासारखा दिसतो आणि नुसता उभा राहिलेला स्पष्ट दिसतो. ही संपूर्ण व्हिडिओत भुतासारखी फिरते आहे. शेजारचे काका मात्र पाठीमागे हात बांधून, "आमच्याकडे तोरणात शेवंतीही असते," हे सांगायला चार मिनिटं उभे होते. ते चार सेकंद, सुस्पष्ट, 'पायरी 3 : रांगोळीचे ठिपके' या मथळ्याच्या बरोबर मागे आहेत.

समितीचं उत्तर आलं : 'व्हिडिओ छान. साहित्याच्या यादीत काका राहिले आहेत.'