कॅस्कोडवरचा तो फॉरवर्ड वहीत उतरवू नका

"कॅस्कोडमध्ये दोन ट्रान्झिस्टर असल्याने गेन दुप्पट होतो. दोघांचे कपॅसिटन्स सिरीजमध्ये येऊन निम्मे होतात म्हणून बँडविड्थ वाढते. त्यापेक्षा एकच फास्ट ट्रान्झिस्टर लावा. आम्ही करून बघितलं, फरक फारसा नाही."

हे माझ्या भाच्याने पाठवलं. इथेच सोलापुरात डिप्लोमा करतोय, तोंडी परीक्षा तोंडावर आलीय आणि खाली विचारलंय, "मामा, हे लिहून घेऊ का?" अजिबात नको रे. आणि ज्यांनी हे डोळे झाकून पुढे ढकललं त्यांनी पण जरा वाचा.

गेनचं लगेच संपवतो. कॅस्कोड म्हणजे एकावर एक उभे केलेले दोन ट्रान्झिस्टर, इनपुट खालच्याच्या बेसला आणि लोड वरच्याच्या कलेक्टरला. खालच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर करंट तोच वरच्याच्या एमिटरमधून जातो आणि लोडमध्ये पोचतो, करंट तोच, लोड तोच, मग गेन दुप्पट कुठून येणार? तो साध्या कॉमन एमिटरएवढाच राहतो.

खरा घोळ त्या सिरीजवाल्या वाक्यात आहे, मुलं हेच पाठ करतात म्हणून यावर जास्त बोलतो. जॉन मिलरने १९२० सालीच, तेही ट्रायोड व्हॉल्व्हवर, दाखवून दिलं होतं की इनपुटला दिसणारा कपॅसिटन्स प्लेटच्या लोडवर अवलंबून असतो. म्हणजे कपॅसिटर केवढा आहे एवढंच बघून चालत नाही, त्याचं दुसरं टोक किती हलतंय ते बघावं लागतं. आता आकडे घ्या. बीसी५४७, करंट १ मिलिअँपिअर, लोड ५ किलोओहम, गेन साधारण २००. बेस-कलेक्टर कपॅसिटन्स ३ पिकोफॅरड धरा. बेस १ मिलिव्होल्ट वर गेला की कलेक्टर २०० मिलिव्होल्ट खाली येतो, म्हणजे त्या ३ पिकोवर २०१ मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि तेवढा चार्ज सोर्सलाच द्यावा लागतो. सोर्सला ते ६०० पिकोफॅरडसारखं वाटतं. बेस-एमिटरचे ६० धरले तर झाले ६६०. सोर्स १ किलोओहमचा असेल तर, बेसचा स्वतःचा ५ किलोओहमचा इनपुट रेझिस्टन्स त्याला समांतर धरून, बँडविड्थ २९० किलोहर्ट्झच्या आसपास अडकते.

कॅस्कोडमध्ये खालच्या ट्रान्झिस्टरला लोड म्हणून वरच्याचा एमिटर मिळतो, तो १ मिलिअँपिअरला फक्त २५ ओहमचा. त्यामुळे खालच्या कलेक्टरवर गेन उरतो १. त्याच ३ पिकोचे इनपुटला ६ दिसतात, ६०० नाही. एकूण ६६, आणि इनपुटची मर्यादा जाते २.९ मेगाहर्ट्झला. वरच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर खुशाल २०० पट हलू दे, त्याचा बेस एसीला ग्राउंड आहे, ते हलणं इनपुटपर्यंत पोचतच नाही. कुठलाही कपॅसिटर निम्मा झालेला नाही!

पण वरच्या बेसला ग्राउंडकडे कपॅसिटर लावलाच पाहिजे, ब्रेडबोर्डवर हाच हमखास विसरतात. बायसिंगचं रेझिस्टन्स १० किलो आणि बीटा २०० असेल तर कपॅसिटरशिवाय तो एमिटर २५ च्या जागी ७५ ओहमचा दिसतो, खालचा गेन तिप्पट होतो, शिवाय आउटपुट वरच्या बेसवर चढायला लागतं. ओळखायचं सोपं आहे, स्कोप खालच्या कलेक्टरवर ठेवा, तिथं इनपुटएवढाच, उलटा सिग्नल दिसला पाहिजे. तिप्पट दिसला तर तो कपॅसिटर तपासा.

आता "फरक फारसा नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक कलेक्टरवर थेट १एक्सचा प्रोब लावला असणार. तो केबल आणि स्कोपसकट साधारण १०० पिकोफॅरडचा असतो, आणि ५ किलोओहमवर तेवढे १०० पिको आले की आउटपुटच ३०० किलोहर्ट्झच्या आसपास अडकतं, मग इनपुट कितीही सुधारा, दहापटीची सुधारणा जेमतेम दुपटीवर येते. १०एक्स प्रोबने बरं दिसेल, पण १५ पिको तोही टाकतोच. नीट बघायचं तर आउटपुटला एमिटर फॉलोअर जोडून त्याच्यानंतर मोजा.

फास्ट ट्रान्झिस्टरचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ज्या आरएफ ट्रान्झिस्टरचा बेस-कलेक्टर कपॅसिटन्सच १ पिकोच्या खाली आहे तो लावला तर फायदा होतोच. पण नुसता एफटी दुप्पट असलेला आणला तर ६० चे ३० होतील, ६०० तसेच राहतील, ६६० चे ६३० होऊन हातात काय पडलं? आणि सोर्स ५० ओहमचा असेल तर मिलरचा त्रास तसाही कमीच, तिथं कॅस्कोडसाठी हट्ट धरू नका. ३ व्होल्टच्या सप्लायवर पण दोन ट्रान्झिस्टर एकावर एक उभे केले की आउटपुटला हलायला जागा फार थोडी उरते. १२ व्होल्टवर मात्र वरचा बेस ३ व्होल्टला बांधा, खालच्याचा एमिटर १ व्होल्टवर ठेवा, कलेक्टर आपोआप २.३ वर बसतो आणि आउटपुट ७ व्होल्टला आरामात राहतं.