पहिल्या दोन वर्षांतली पाळी आणि ‘पीसीओडी’चा फॉरवर्ड

“मुलीची पाळी दर महिन्याला आलीच पाहिजे. दोन महिने चुकली की पीसीओडी समजा. लगेच सोनोग्राफी करा, पाळी आणायच्या गोळ्या सुरू करा, नाहीतर रक्त पोटात साचतं.”

फॉरवर्डमधला हा महिन्याचा हिशेब आईच्या वयाला लागू पडतो, बारा वर्षांच्या लेकीला नाही. समजा, खानापूरच्या एका मुलीला पहिली पाळी 12 जूनला आली, मग 9 ऑगस्टला, 18 सप्टेंबरला आणि 20 ऑक्टोबरला. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजलं, तर अंतर 58, 40 आणि 32 दिवसांचं. पहिल्या वर्षात हे चालतं. दुसऱ्या वर्षात मात्र बहुतेक वेळा 21 ते 45 दिवसांत पाळी यायला हवी.

रक्त पोटात साचत नाही. या वयात मेंदू आणि बीजकोश यांचा मेळ अजून बसलेला नसतो, त्यामुळे बऱ्याच महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. बीज नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर मग वेळेवर न सुटता उशिरा आणि वेडंवाकडं सुटतं. उशिरा आलेली पाळी कधीकधी जास्त जाते, ती याचमुळे.

सोनोग्राफीत बीजकोशावर बारीक फोड दिसले, तर घाबरू नका. वाढत्या वयात ते सर्रास दिसतात. म्हणूनच पहिल्या पाळीनंतर 8 वर्षं होईपर्यंत निव्वळ सोनोग्राफीवरून पीसीओएस, म्हणजे फॉरवर्डमधलं पीसीओडीच, ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘रिपोर्टमध्ये आलंय’ एवढ्यावर मुलीला शिक्का मारणं आम्हाला तरी पटत नाही.

गोळ्यांचंही तसंच. त्या काही दिवस घेऊन थांबवल्या की रक्तस्राव होतो, पण मेंदू-बीजकोशाचा मेळ त्याने लवकर बसत नाही. उलट मुलीची स्वतःची लय कळेनाशी होते. डॉक्टरांनी कारण सांगून दिल्या तर गोष्ट वेगळी. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आता काळजी कधी करायची? पाळी एकदाही 90 दिवसांवर लांबली, तर दाखवा, पहिलं वर्ष असलं तरी. 21 दिवसांच्या आत वारंवार येत असेल, सात दिवसांहून जास्त चालत असेल, किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, तरीही दाखवा. असा जास्त स्राव पहिल्याच पाळीपासून असेल आणि नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याचा दोष तपासायला सांगा. चक्कर, धाप, फिकट ओठ दिसले तर हिमोग्लोबिन त्याच दिवशी बघा. हनुवटीवर राठ केस, अंगावर उठणारे खूप मुरुम किंवा झपाट्याने घटलेलं वजन यांचीही तपासणी हवी. थायरॉइड त्यातच बघतात.

जाताना कॅलेंडरवरच्या खुणांचा फोटो न्या: पहिला दिवस, शेवटचा दिवस, रोजचे पॅड किती. आकड्यांत लिहा, म्हणजे बेळगावात डॉक्टर कन्नड बोलणारे भेटले तरी अडत नाही. सरकारी दवाखान्यात गेलात, तर किशोरवयीनांसाठीचं स्नेहा क्लिनिक कुठल्या वारी असतं, हे आशाताईंना विचारून घ्या.